पेरणी कॅलेंडरच्या फोटोतलं "जून ते ऑगस्ट" बारा महिन्यांच्या कॉलमांत कसं मांडायचं?

कुळागरवाली

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या बायकांच्या गटासाठी एक शीट करतेय. एका सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर पिकांच्या पेरणीचा जुना तक्ता लावलेला आहे, त्याचा फोटो काढून आणलाय. काच आहे वरती, त्यामुळे एका कोपऱ्यात ट्यूबलाईटची चमक आलीय पण बाकी बऱ्यापैकी वाचता येतं. तक्त्यात पीक, पेरणी, लावणी, काढणी असे रकाने आहेत आणि त्यात "जून–ऑगस्ट", "ऑक्टो–जाने", "नोव्हें–डिसें" असं लिहिलंय.

गटात कोणी असं विचारत नाही की भेंडीचा हंगाम कोणता. विचारतात की "बाय, आता जुलै आला, काय घालू पोरसात?" म्हणजे महिना धरून शोधता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक महिन्याचा वेगळा कॉलम करून त्यात खूण करायची असं ठरवलंय, जानेवारी ते डिसेंबर बारा कॉलम. जून–ऑगस्ट असेल तर जून, जुलै, ऑगस्ट तिन्हीत खूण, इथपर्यंत समजतं. पण पुढे गेलं की अडतं. काही ओळींत पेरणीचा रकाना रिकामाच आहे, फक्त डावीकडे मोठ्या अक्षरात "पावसाळी (जून–ऑगस्ट)" असं शीर्षक आहे. भेंडीला दोन वेगवेगळे काळ दिलेत. आणि ऑक्टो–जाने म्हणजे वर्ष संपून परत सुरू होतं ते कसं दाखवायचं. हाताने खुणा करत बसू की फॉर्म्युला लावू? कोणी असं केलंय का?

तवशे

भेंडी ना, मिरगाचा पाऊस एकदा नीट पडला की घाला बिनधास्त. आमच्या डिचोलीत आम्ही पाऊस यायच्या आधीच आळी करून ठेवतो आणि तवशी, दोडकी, भेंडी सगळं एकदमच घालतो, चवथीला माटोळीला घरचं तवशें बांधायला मिळालं पाहिजे हा एकच नियम. कॅलेंडर कशाला पाहिजे.

कुळागरवाली

@तवशे भाऊ, भेंडी कधी घालायची ते नाही विचारलं हो 🙂 तक्ता शीटमध्ये कसा उतरवायचा ते विचारतेय. आणि आमच्या गटात नव्या सुना आहेत, बाहेरून आलेल्या आहेत, त्यांना मिरगाचं गणित ठाऊक नाही म्हणूनच हा खटाटोप.

आकडेवाला_म्हापसा

सोपं आहे. दोन कॉलम करा, सुरुवातीचा महिना आणि शेवटचा महिना, दोन्ही आकड्यात. जून म्हणजे 6, ऑगस्ट म्हणजे 8. वरच्या ओळीत महिन्यांच्या कॉलमांवर 1 ते 12 लिहा. समजा D मध्ये सुरुवात, E मध्ये शेवट आणि F पासून Q पर्यंत महिने, तर F2 मध्ये हे टाका आणि उजवीकडे आणि खाली ओढा:

```
=IF(AND(F$1>=$D2,F$1<=$E2),1,"")
```

झालं काम. पाच मिनिटांत पूर्ण तक्ता.

कुळागरवाली

@आकडेवाला_म्हापसा थँक्यू. जून–ऑगस्टला बरोबर आलं. पण तांबड्या भाजीची ओळ (तक्त्यात ऑक्टो–जाने आहे) पूर्ण कोरी आली, एक पण खूण नाही.

शेतातला_मास्तर

येणारच कोरी. दहापेक्षा मोठा आणि एकपेक्षा लहान असा महिना अस्तित्वातच नाही ना, म्हणून AND कधीच खरं होत नाही. वाईट म्हणजे यात एरर दिसत नाही, ओळ गपचूप रिकामी राहते आणि बघणाऱ्याला वाटतं की या पिकाला पेरणीच नाही. आपल्याकडे तर हे जास्तच लागतं कारण गोव्यातली बरीचशी भाजीपाल्याची शेती सरद भात काढल्यावर सुरू होते आणि नव्या वर्षात जाते. वायंगण भाताचा तरवा नोव्हेंबर-डिसेंबरात, लावणी डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे हा फॉर्म्युला लावला तर नेमकं रब्बीचं नव्या वर्षात जाणारं सगळं गळून पडेल आणि पावसाळी मात्र दिसेल.

याला माझ्याकडे एक पद्धत आहे. महिने गोल फिरतात असं धरायचं. सुरुवातीच्या महिन्यापासून हा महिना किती घरं पुढे आहे ते मोजायचं, आणि शेवटचा महिना किती घरं पुढे आहे तेही मोजायचं. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा नसेल तर खूण.

```
=IF(MOD(F$1-$D2,12)<=MOD($E2-$D2,12),1,"")
```

ऑक्टोबर ते जानेवारी करून बघा. शेवट 1, सुरुवात 10, उणे नऊ, बाराच्या चक्रात ते होतात 3. आता ऑक्टोबर शून्य घरं पुढे, नोव्हेंबर एक, डिसेंबर दोन, जानेवारी तीन, या चौघांना खूण. फेब्रुवारी चार घरं पुढे म्हणून बाद. जून–ऑगस्टलाही हाच चालतो, वेगळा काही लावायला नको. वर्षभर असं लिहिलं असेल तर 1 आणि 12 टाका.

मिरगपाखरू

मास्तर जबरदस्त 👌 आमचे गणिताचे सर म्हणायचे MOD कुठे लागणार आयुष्यात, घ्या, तांबड्या भाजीत लागला.

खाजन_राखणदार

मला एक सांगा, हे जूनमध्ये खूण करून काय उपयोग? आमच्या तिसवाडीत खाजनात जूनमध्ये पेरता येतंच असं नाही. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जायला पाहिजे, मानशीतून ते पाणी बाहेर काढायला पाहिजे, तेव्हा कुठे कोरगुट टाकायचं. पाऊस लांबला तर पेरणी लांबते. आणि बांधाला भगदाड पडून खारं पाणी आत आलं तर त्या वर्षी शेत विसरा. असे तक्ते करणारे सगळे मोरोडाच्या शेतीचा विचार करून करतात, खाजनाचं कोणाला पडलेलं नसतं. आमच्या बाजूला दोन वर्षं बांध दुरुस्त झाला नाही, अर्ज देऊन देऊन थकलो.

सांगेकर_बागायतदार

@खाजन_राखणदार बांधाचा प्रश्न खरा आहे हो पण त्याला वेगळा धागा काढा, तिथे आम्ही पण लिहू. आमच्याकडे बांध नाही पण गवे आहेत.

खाजन_राखणदार

काढतो. पण माझा मुद्दा धाग्याचाच आहे, नीट वाचा. तक्त्यात जी पेरणी लिहिलीय ती कोणत्या जमिनीची ते शीटमध्ये आलं पाहिजे, नाहीतर आमची माणसं जूनची खूण बघून बी खाऱ्यात टाकतील.

शेतातला_मास्तर

खाजनवाल्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. "भात" अशी एकच ओळ न ठेवता तक्त्यात जमिनीप्रमाणे वेगळं दिलं असेल तर ते वेगळंच उतरवा. तक्त्यात नसेल तर आपल्या मनाने त्यात भर घालू नका, शेवटी एक शेरा कॉलम ठेवा आणि तिथे लिहा. फोटोत काय आहे आणि आपण काय म्हणतो हे दोन्ही एका रकान्यात कधी मिसळायचं नाही.

त्याच कारणाने C कॉलममध्ये फोटोतला मजकूर जसाच्या तसा लिहून ठेवा, "ऑक्टो–जाने" तर "ऑक्टो–जाने". पुढे कोणी म्हणालं की ही खूण चुकली, तर परत सोसायटीत फोटो काढायला जायला नको. आणि त्या कॉलमला आधी साधा मजकूर असा फॉरमॅट द्या. कुठे "6-8" असं आकड्यात लिहिलेलं असेल तर शीट त्याची तारीख करून टाकते आणि मग मूळ काय होतं ते कोणालाच कळत नाही.

आकडेवाला_म्हापसा

मास्तरांचा फॉर्म्युला माझ्यापेक्षा चांगला आहे, मान्य. आता हाच वापरा. एक भर घालतो, पेरणी-लावणी-काढणी तिन्ही एकाच ओळीत नका घेऊ. प्रत्येक कामाची वेगळी ओळ करा, B मध्ये काम लिहा. म्हणजे नाचणी पेरणी, नाचणी लावणी, नाचणी काढणी अशा तीन ओळी. मग भेंडीचे दोन काळ पण सुटतात, भेंडी पेरणीच्या दोन ओळी, एक जून–जुलै आणि एक जाने–फेब्रु.

कुळागरवाली

@आकडेवाला_म्हापसा भेंडीच्या दोन ओळी हे आवडलं. मी एकाच ओळीत 6 आणि 2 टाकायला निघाले होते.

आकडेवाला_म्हापसा

ते केलं असतं तर जून ते फेब्रुवारी सलग नऊ महिने भेंडी पेरा असं आलं असतं. स्वल्पविराम किंवा "व" दिसला की ओळ तोडायची. आणि फोटोत नीट बघा, "जून, ऑगस्ट" आणि "जून–ऑगस्ट" यात फरक फक्त त्या छोट्या रेघेचा आहे. पहिल्यात जुलै नाही, दुसऱ्यात आहे.

कुळागरवाली

सगळ्या ओळी भरल्या. आता एक वेगळंच दिसतंय, सांगा कोणीतरी. ज्या ओळींत पेरणीचा काळ रिकामा आहे तिथे D आणि E मी कोरेच ठेवलेत. पण त्या सगळ्या ओळींत डिसेंबरमध्ये 1 आलाय! सुरण डिसेंबर, हळद डिसेंबर, आलं डिसेंबर, दोडकी डिसेंबर. आणि चिबडाला सुरुवात जून दिसतेय पण शेवट चमकेत गेलाय, तिथे फक्त 6 टाकला तर जून ते डिसेंबर सलग खुणा.

तवशे

डिसेंबरात दोडकी 😄 माटोळी नाताळात बांधणार काय

शेतातला_मास्तर

कुळागरवाली ताई, हे बरं झालं लगेच दिसलं. कोरा रकाना शीट शून्य धरते. बाराच्या चक्रात शून्य आणि बारा एकच, म्हणजे कोऱ्याचा अर्थ तिला डिसेंबर असा लागतो. दोन्ही कोरे तर डिसेंबर ते डिसेंबर, एक खूण. शेवट कोरा तर जून ते डिसेंबर. फॉर्म्युल्यात आधी विचारून घ्यायचं की दोन्ही आकडे आहेत का, नसतील तर प्रश्नचिन्ह टाक.

```
=IF(COUNT($D2:$E2)<2,"?",IF(MOD(F$1-$D2,12)<=MOD($E2-$D2,12),1,""))
```

ते प्रश्नचिन्ह काढून कोरं करायचा मोह होईल, करू नका. कोरा रकाना म्हणजे "या महिन्यात पेरत नाहीत". प्रश्नचिन्ह म्हणजे "फोटोतून कळलं नाही". या दोन गोष्टी शेतात फार वेगळ्या आहेत. चमकेखाली गेलेल्या चिबडाला बाराही महिने प्रश्नचिन्ह दिसूदे, म्हणजे कोणीतरी सोसायटीत जाऊन बघून येईल.

एकच महिना लिहिला असेल, नुसतं "जून", तर D आणि E दोन्हीत 6 टाकायचा. तिथे E कोरा ठेवायचा नाही.

डिचोलीची_नात

मी शेती करत नाही पण एका लायब्ररीत असेच जुने तक्ते उतरवायचं काम केलंय म्हणून लिहिते. फॉर्म्युल्याच्या चुका लवकर सापडतात, वाचनाच्या सापडत नाहीत. मराठी तक्त्यात "जून", "जुलै" आणि "जाने" हे तिन्ही ज ने सुरू होतात, फोटो जरा हलला की जू आणि जु मधला फरक जातो. "ऑग" आणि "ऑक्टो" चं तेच, सुरुवात सारखी, आणि रकाना अरुंद असला की छापणाऱ्याने शेवट कापलेला असतो. बाकीच्या महिन्यांत सहसा एवढा गोंधळ होत नाही.

यासाठी उलटं वाचन करायचं. एकाने शीटमधल्या खुणा बघून मोठ्याने म्हणायचं, "कुळीथ पेरणी, सप्टेंबर, ऑक्टोबर", आणि दुसऱ्याने फोटोवर बोट ठेवून बघायचं. ज्याने टाईप केलंय त्याने फोटो बघायचा नाही, त्याला आधी जे दिसलं तेच परत दिसतं.

आकडेवाला_म्हापसा

किंवा शेवटच्या कॉलममध्ये चेक लावा. खुणांची बेरीज आणि कालावधीचे महिने जुळले पाहिजेत:

```
=SUM(F2:Q2)=MOD($E2-$D2,12)+1
```

TRUE आलं की ओळ बरोबर. माणसं बसवायला नकोत.

डिचोलीची_नात

@आकडेवाला_म्हापसा नाही, ओळ बरोबर असं म्हणता येणार नाही. तुमचा चेक ज्या D आणि E वरून खुणा आल्यात त्याच D आणि E ला विचारतोय. मी "ऑग" च्या जागी "ऑक्टो" वाचून 10 टाकला तर खुणा पण 10 प्रमाणे येणार आणि बेरीज पण 10 प्रमाणे जुळणार. कोणी फॉर्म्युल्यावर चुकून हाताने काही टाईप केलं तर तेवढं हा चेक पकडेल. फोटोशी तुलना माणसानेच करावी लागते.

आकडेवाला_म्हापसा

बरोबर आहे. तरीपण ठेवा तो कॉलम, शीट शेअर केली की कोणीतरी एखादा रकाना पुसतोच.

शेतातला_मास्तर

वाचनाची चूक पकडायला अजून एक कसोटी आहे, पीक स्वतः सांगतं. पेरणीपासून काढणीपर्यंत किती महिने जातात ते बघा. ज्योतीसारखं भात साधारण चार महिन्यांच्या आसपास येतं. तरवा जूनमध्ये, लावणी जुलैत, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबर, हे बसतं. पण तुम्ही जूनच्या जागी जाने वाचलं असेल तर जानेवारीत तरवा आणि सप्टेंबरात काढणी असं निघेल, ते कोणालाही खटकेल. अळसांदे नोव्हेंबरात पेरून जुलैत काढणी दिसली तर समजा की फोटो परत बघायची वेळ आली. म्हणून एकाच पिकाच्या तिन्ही ओळी शीटमध्ये एकाखाली एक असू द्या, डोळ्याला लगेच दिसतं. ऊस, हळद, सुरण असली लांब पिकं मात्र वेगळी धरा, त्यांना हा नियम लावू नका.

पोरसांतली_सून

मी गटातलीच आहे, ताईंनी लिंक पाठवली म्हणून आले. मी घाटावरची, लग्न होऊन इथे आले. मला एक शंका आहे, जून–ऑगस्ट म्हणून तिन्ही महिन्यांत सारखी खूण दिसली तर मला वाटणार की ऑगस्टच्या शेवटी घातलं तरी चालतं. तसं असतं का? गेल्या पावसात मी काकडी ऑगस्टमध्ये घातली होती आणि चवथ येऊन गेली तरी वेल नुसता चढतच होता.

तवशे

ताई तेच सांगत होतो मी पहिल्यापासून. तवशें पहिल्या पावसात.

शेतातला_मास्तर

@पोरसांतली_सून प्रश्न अगदी मोक्याचा आहे. तक्त्यातला काळ म्हणजे या दिवसांत पेरलं तर उगवेल आणि पीक येईल, एवढंच. तिन्ही महिने सारखेच चांगले असा त्याचा अर्थ होत नाही. आपण तो काळ महिन्यांत तोडतो तेव्हा ही गोष्ट हरवते, कारण 1 आणि 1 आणि 1 सगळे सारखेच दिसतात. तक्त्यातच कुठे "मुख्यतः जून" असं असेल तर त्या महिन्याला 2 द्या आणि बाकीच्यांना 1. पण तक्त्यात नसेल तर तो 2 कुठून आणणार? गटातल्या जुन्या बायकांना विचारून शेऱ्यात लिहिता येईल, खुणेत नाही.

सांगेकर_बागायतदार

मला तर वाटतं महिन्याचे दोन भाग करून चोवीस कॉलम करावेत. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, तर एक जून आणि तीस जून हे शेतकऱ्याला एकच कसे? तक्त्यात काही ठिकाणी "15 जून–15 जुलै" असं असेल तर महिन्याच्या कॉलमात त्याचे दोन पूर्ण महिने होतात. एका महिन्याचा काळ आपण दुप्पट करून सांगतो.

कुळागरवाली

@सांगेकर_बागायतदार तसं तीन-चार ओळींतच आहे हो, "जून दुसरा आठवडा" वगैरे. चोवीस कॉलम मोबाईलवर दिसणारच नाहीत, आमच्या बायका सगळं मोबाईलवरच बघतात. बारा पण दिसत नाहीत नीट.

सांगेकर_बागायतदार

दिसत नाहीत म्हणून चुकीचं दाखवायचं का? कॉलम लपवता येतात, चालू महिन्याचे तेवढे उघडे ठेवा.

आकडेवाला_म्हापसा

चोवीस केले तर फॉर्म्युल्यात 12 च्या जागी 24 लागेल आणि सुरुवात-शेवट पण पंधरवड्याच्या आकड्यात टाकावे लागतील, जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे 12, जुलैचा पहिला म्हणजे 13. होतं, पण टाईप करणाऱ्याचा घोळ वाढतो. आणि जिथे नुसतं "जून–ऑगस्ट" आहे तिथे तुम्ही 11 ते 16 असे सहा पंधरवडे भरणार, म्हणजे तक्त्यात नसलेली बारकाई आपण दाखवतोय असं होतं.

डिचोलीची_नात

मी बाराच्या बाजूने. मूळ मजकूर C मध्ये आहेच, "15 जून" तिथे वाचता येतं. गटाला पाठवायच्या यादीत पिकाच्या नावासमोर C पण येऊ द्या.

सांगेकर_बागायतदार

मला पटत नाही, पण शीट तुमची आहे.

कुळागरवाली

आता राहिला तो शीर्षकाचा प्रश्न, तो माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे. फोटोत डावीकडे उभ्या जोडलेल्या रकान्यात "पावसाळी (जून–ऑगस्ट)" लिहिलंय आणि त्याच्या बाजूला दहा-बारा पिकं. काहींच्या समोर पेरणीचा स्वतःचा काळ आहे, काहींच्या समोर काहीच नाही. ज्यांच्या समोर काही नाही त्यांना शीर्षकातला जून–ऑगस्ट द्यायचा का? चुलत दीर म्हणतो की द्यायचा, जोडलेला रकाना म्हणजे बाजूच्या सगळ्यांना तेच लागू.

आकडेवाला_म्हापसा

दीर बरोबर बोलतो. जोडलेला रकाना म्हणजे सगळ्यांना लागू.

शेतातला_मास्तर

अर्धंच बरोबर. रकाना सगळ्यांना लागू आहे हे खरं, पण रकान्यात आहे काय ते बघा. ते हंगामाचं नाव आहे आणि हंगामाचा काळ आहे, पेरणीचा नव्हे. त्याच गटात सरद भात आहे ना? त्याच्या समोर पेरणी "जून" असं स्वतंत्र लिहिलेलं असणार. शीर्षकातला काळ जर पेरणीचा असता तर भाताला वेगळं लिहायची गरज नव्हती. आता समजा भाताचा रकाना चुकून रिकामा राहिला असता आणि तुम्ही शीर्षकावरून भरला असता, तर शीटने सांगितलं असतं की ऑगस्टात भात पेरा. ऑगस्टात आपल्याकडे भात पोटरीत यायला लागलेलं असतं.

हळद, आलं, सुरण तर आपल्याकडे पावसाच्या तोंडावर मे-जूनमध्येच जमिनीत जातात. ती पावसाळी गटात आहेत कारण पावसावर वाढतात. शीर्षकावरून भरलंत तर मे कोरा राहील, जो त्यांचा खरा महिना आहे, आणि ऑगस्ट भरला जाईल.

मिरगपाखरू

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग रिकाम्यांचं करायचं काय, सगळी प्रश्नचिन्हं?

शेतातला_मास्तर

मी तरी तेच करीन. B आणि C च्या मध्ये हंगामाचा एक वेगळा कॉलम घाला, त्यात "पावसाळी (जून–ऑगस्ट)" प्रत्येक ओळीला लिहा, म्हणजे फोटोतली माहिती वाया जात नाही. पेरणीच्या खुणा मात्र प्रश्नचिन्ह. मग ती यादी घेऊन कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात किंवा जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा, दहा-बारा पिकांचंच विचारायचं आहे, कोणीही सांगेल.

आकडेवाला_म्हापसा

मध्ये कॉलम घातला की फॉर्म्युल्यातली अक्षरं शीट आपोआप सरकवते, घाबरू नका. पण मला अजून वाटतं की प्रश्नचिन्ह बघून बायका कंटाळतील. शीर्षकावरून आलेल्या खुणेला 1 ऐवजी "ह" लिहा, हंगामावरून घेतलं म्हणून. काहीतरी तरी दिसेल.

पोरसांतली_सून

मला विचाराल तर मला प्रश्नचिन्ह चालेल. "ह" बघून मी पेरूनच टाकीन.

डिचोलीची_नात

😀 हे महत्त्वाचं. वापरणारीच सांगतेय.

खाजन_राखणदार

बांधाचा धागा काढलाय, सगळ्यांनी या. आणि कुळागरवाली बाय, खाजनाचा शेरा घातला का?

कुळागरवाली

@खाजन_राखणदार घातला, भाताच्या ओळीसमोर शेरा: "खाजनात मीठ धुऊन गेल्यावरच". बरोबर आहे ना?

खाजन_राखणदार

बरोबर. देव बरें करूं.

कुळागरवाली

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी शेजारच्या वहिनीला बसवून उलटं वाचन केलं. तिने बोट फोटोवर ठेवलं, मी शीट वाचली. मिरचीच्या रोपांना मी ऑक्टोबर लावला होता, तिने झूम करून बघितलं तर तिथे "ऑग–सप्टें" आहे, लावणी त्याच्या पुढच्या रकान्यात ऑक्टोबर. लावणीचा महिना पेरणीच्या ओळीत गेला होता. चेक कॉलममध्ये तिथे TRUE च होतं, नात म्हणाली तसंच.

हंगामाचा कॉलम घातला, खुणांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलंय. "ह" वर अजून गटात बोलणार. आता महिन्याची यादी काढायला फिल्टर हाताने लावतेय, दर महिन्याला तेच करावं लागेल का?

आकडेवाला_म्हापसा

नाही, वेगळ्या पानावर एक फॉर्म्युला टाका. मध्ये हंगाम घातल्यावर आता तुमचे महिने G पासून R पर्यंत असतील, जून L मध्ये. मूळ पानाला "तक्ता" नाव दिलंय असं धरतो:

```
=FILTER('तक्ता'!A2:A60,'तक्ता'!L2:L60=1,'तक्ता'!B2:B60="पेरणी")
```

भेंडीसारखी दोन ओळींची पिकं एकाच महिन्यात दोनदा आली तर बाहेरून UNIQUE लावा. जूनमध्ये काही नसेल तर एरर दिसेल, पण जूनमध्ये काही नाही असं होणार नाही.

शेतातला_मास्तर

त्याच पानावर खाली दुसरी यादी पण काढा, L मध्ये 1 च्या ऐवजी "?" असलेली. तीच घेऊन कार्यालयात जायचं. आणि जाताना सोसायटीच्या वाटेने जा, चिबडाचा शेवटचा महिना काचेच्या बाजूने तिरकं उभं राहून वाचता येतो, चमक एका बाजूला सरकते.

तवशे

चिबूड मी सांगू का…

कुळागरवाली

@तवशे भाऊ सांगा, पण शेरा कॉलममध्ये जाईल हं.

तवशे

चालेल. लिहा: "तवशे म्हणतो, तवशाबरोबरच, पहिल्या पावसात."